एप्रिलचे व्यवहार डिसेंबरात कसे गेले?

‘एक्सेलमध्ये एप्रिलची बेरीज चुकते. अर्जंट बघा.’ एखाद्या पतसंस्थेतून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे अशी तक्रार येते. डेव्हलपर आपल्या मशीनवर यादी काढतो, बेरीज बरोबर येते आणि तो ‘आमच्याकडे चालतंय’ असा शेरा मारून मोकळा होतो. दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून तक्रार डेव्हलपरकडे जाण्याआधी कुणीतरी ती तपासावी लागते. बहुतेक ठिकाणी हे काम टेस्टरकडे असते आणि वरच्या दोन वाक्यांत काय काय राहिले आहे, हे तो शोधतो.

तो सर्वांत आधी पायऱ्या विचारतो. यादी कोणत्या मेनूतून काढली? तारखा कुठून कुठपर्यंत दिल्या? फाइल उघडली कशी? चार प्रश्नोत्तरांनंतर चित्र स्पष्ट होते. ‘व्यवहार यादी’ उघडली, 1 ते 30 एप्रिल 2025 या तारखा दिल्या, सीएसव्ही फाइल उतरवली, तिच्यावर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली आणि तारखेच्या रकान्याला फिल्टर लावून एप्रिल निवडला. शेवटची पायरी कारकुनाने लिहिलीच नव्हती, कारण ती त्याच्या रोजच्या सवयीची. बिघाड दिसत होता तो मात्र तिथेच.

मग अपेक्षित काय होते आणि झाले काय, हे वेगवेगळे लिहून घ्यायचे. ‘बेरीज चुकते’ हा निष्कर्ष झाला. डोळ्यांना काय दिसले, ते त्यात नाही. फिल्टरमध्ये फक्त एप्रिल दिसायला हवा होता. प्रत्यक्षात जानेवारी ते डिसेंबर असे बाराही महिने दिसत होते आणि 13 तारखेपासूनचे व्यवहार कोणत्याच महिन्यात नव्हते. त्या तारखा रकान्यात डावीकडे चिकटल्या होत्या, आधीच्या उजवीकडे. एक्सेल आपणहून मजकूर डावीकडे आणि तारीख उजवीकडे लावते. म्हणजे 13 पासूनच्या तारखा त्याने तारखा म्हणून ओळखल्याच नव्हत्या.

गडबड नेमकी 12 आणि 13च्या मध्येच का? कारण महिने बारा असतात. फाइलमध्ये 5 एप्रिल ही तारीख `05/04/2025` अशी होती. त्या संगणकाने पहिला आकडा महिन्याचा धरला आणि 4 मे असे वाचले. 12 एप्रिल गेला 4 डिसेंबरला. 13वा महिनाच नसल्याने पुढच्या तारखा मजकूर म्हणून पडून राहिल्या. एकटा 4 एप्रिल तेवढा जागेवर राहिला.

आता राहिला तिसरा भाग, तो म्हणजे आजूबाजूची परिस्थिती. सॉफ्टवेअरची, विंडोजची आणि एक्सेलची आवृत्ती कारकुनाकडून सहज मिळाली. पण इथे महत्त्वाची निघाली ती विंडोजमधली `Region` ही सेटिंग. पतसंस्थेच्या संगणकावर ती `English (United States)` होती, डेव्हलपरकडे `English (India)`. अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपल्याकडे दिवस. टेस्टरने आपल्या मशीनवर ती सेटिंग बदलली, त्याच पायऱ्या केल्या आणि एप्रिल त्याच्याकडेही बारा महिन्यांत विखुरला. आता तक्रार डेव्हलपरकडे द्यायला तयार झाली. फाइलमध्ये तारीख `2025-04-05` अशी, वर्ष आधी ठेवून लिहिली की दोन्ही सेटिंगवर ती नीट वाचली जाते. दुरुस्ती एवढीच.

आवृत्त्यांचे रकाने भरून घेतले की काम झाले, असे मात्र नाही. उबुंटू या प्रणालीवर ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही, अशी एक तक्रार प्रसिद्ध आहे. ती थट्टा वाटली, तरी खरी होती. छपाईच्या फाइलमध्ये इंग्रजी वाराची तीन अक्षरे, `Tue`, येत आणि फाइलचा प्रकार ओळखणारा एक छोटा प्रोग्राम तेवढ्यावरून ती भलत्याच प्रकारची ठरवी. ‘आज वार कोणता?’ असा रकाना कोणत्या फॉर्ममध्ये असणार? म्हणून चांगला तपासनीस आणखी दोन प्रश्न विचारतो: हे नेहमी होते की कधीकधी? आणि कुठे होत नाही?

तुम्हीही कधी अशी तक्रार कराल. तेव्हा सुरुवातीपासून काय काय दाबले ते क्रमाने लिहा, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले ते वेगळे लिहा, स्क्रीनचा फोटो न कापता जोडा. खातेदारांची नावे आणि खाते क्रमांक मात्र आधी झाका. कारणाचा अंदाज बांधायचा असेल तर जरूर बांधा, पण तो सगळ्यांत शेवटी आणि ‘अंदाज’ असे म्हणूनच लिहा.