निळ्या सुरईचा समुद्रप्रवास

जयपूरच्या ‘ब्लू पॉटरी’त चिकणमाती नसते. क्वार्ट्झची भुकटी, काच आणि थोडी मुलतानी माती यांची ही भांडी कमी तापमानाला भाजलेली, म्हणून ठिसूळ. अशी सुरई जहाजाने हॅम्बुर्गला धाडायची, तर खरी परीक्षा पॅकिंगची.

सुरई आधी आम्लरहित टिश्यूत गुंडाळतात. वर्तमानपत्राची शाई डाग पाडते. मान बारीक, म्हणून तिच्याभोवतीची पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरून सुरई सरळ नळकांड्यासारखी करतात. मग बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला. हे सारे लहान खोक्यात आणि ते मोठ्या, सात थरांच्या खोक्यात. दोहोंमध्ये सगळीकडून किमान पाच सेंटिमीटर भरण. खोके बंद करून हलवावे. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर ते पुन्हा उघडायचे. आवाज नसला तरी एक नमुना हाताच्या उंचीवरून कोपऱ्यावर टाकून पाहणे उत्तम.

ओलाव्याकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. उष्ण बंदरातून निघालेला कंटेनर थंड समुद्रात गार पडला, की आतली वाफ छताला थिजून खोक्यांवर टपकते. भिजलेला पुठ्ठा चेपतो आणि वरचा भार थेट सुरईवर येतो. म्हणून आतल्या खोक्याला प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सिलिका जेल आणि कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या मोठ्या पट्ट्या. पॅलेटचे लाकूडही कोरडे हवे.

खुणा चित्रांच्याच: पेला, छत्री, वर जाणारे बाण. त्या एकाच बाजूला नकोत. लगतच्या बाजूंवरही हव्यात, कारण रचलेल्या थप्पीत एखादीच बाजू दिसते. खोक्याचा क्रमांक आणि वजन पॅकिंग लिस्टशी जुळलेच पाहिजे.