ब्रेसनहॅमचं एकच सूत्र प्रत्येक रेषेला चालत नाही

ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकल परीक्षेत एक गैरसमज दरवर्षी भेटतो: `p = 2dy − dx` पाठ केलं की कुठलीही रेषा काढता येते. नाही येत! हे सूत्र ज्या रेषेचा स्लोप 0 ते 1 मध्ये आहे तिच्यासाठीच आहे. जॅक ब्रेसनहॅम यांनीही आयबीएम सिस्टिम्स जर्नलमधल्या 1965 च्या लेखात मांडणी पहिल्या अष्टमांशासाठी केली आणि बाकीच्या सातांची सोय वेगळी लावली.

(2,3) ते (5,10) ही रेषा घ्या. dx = 3, dy = 7. पाठ केलेलं सूत्र लावलं तर p = 11. पुढे तो धनच राहतो, म्हणून x आणि y दोन्ही एकेकाने वाढतात: (3,4), (4,5), (5,6). इथे x संपला. रेषा (5,10) ऐवजी (5,6) वर थांबली, तरी मुलं तक्त्याखाली रेघ मारून मोकळी होतात. शेवटचा बिंदू प्रश्नातल्या बिंदूशी ताडून पाहायला कितीसा वेळ लागतो?

ही रेषा उभट आहे, म्हणून प्रत्येक पायरीला y वाढवायचा आणि x वाढवायचा की नाही ते p ला ठरवू द्यायचं. dx आणि dy च्या जागा बदलतात: p = 2·3 − 7 = −1. p ऋण असेल तर x तसाच ठेवून p मध्ये 6 मिळवायचे. नसेल तर x एकाने वाढवून p मधून 8 वजा करायचे.

```
p     बिंदू
−1    (2,4)
 5    (3,5)
−3    (3,6)
 3    (4,7)
−5    (4,8)
 1    (5,9)
−7    (5,10)
```

‘पूर्णांकात केलं म्हणजे उत्तर अंदाजे आलं’ हेही खरं नाही. y = 6 ला खरा x सुमारे 3.29 येतो, तक्त्यात 3 आहे. y = 7 ला 3.71, तक्त्यात 4. प्रत्येक ओळीत जवळचाच पिक्सेल निवडलेला आहे. p नेमका शून्य आला तर दोन्ही पिक्सेल सारख्याच अंतरावर असतात. एक नियम धरा आणि शेवटपर्यंत तोच पाळा.

वर्तुळात घोळ होतो तो दोन पद्धतींची सरमिसळ केल्याने. ब्रेसनहॅमची सुरुवात `3 − 2r`, मिडपॉइंटची `1 − r`, आणि दोघांच्या बेरजाही वेगळ्या. r = 8 साठी कोणतीही एक पद्धत नीट चालवली तर (0,8), (1,8), (2,8), (3,7), (4,7), (5,6) हेच बिंदू मिळतात. पण −13 ने सुरुवात करून बेरजा मिडपॉइंटच्या घेतल्या, तर तिसऱ्या पायरीला (3,7) ऐवजी (3,8) येतो. वर्ग करून बघा: 9 + 64 = 73, तर 9 + 49 = 58. हवेत 64, आणि त्याच्या जवळ 58 आहे.

केंद्र (0,0) नसेल तरी तक्ता मूळबिंदूवरच करायचा. केंद्राचे निर्देशांक आठही बिंदूंत शेवटी मिळवायचे.