फोटो हरवला, प्रश्न उरला: मिरचीच्या बोकड्याचं निदान

शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर काम करायचं ठरवलंत, तर हा प्रसंग तुमच्यावर येणारच. मोबाइलवर आलेला प्रश्न तीन आठवड्यांनी उघडता, मजकूर असतो आणि फोटो वेळेत डाउनलोड न केल्यामुळे गेलेला असतो. अशी नोंद बहुतेक जण 'निरुपयोगी' म्हणून काढून टाकतात. ती इतक्या सहज टाकू नये असं माझं मत आहे. का, ते एका नमुना प्रश्नावरून सांगते.

प्रश्न असा समजा: "ताई, मिरचीला बोकड्या आलाय. शेंड्याची पानं वाकडी झालीत. दोनदा इमिडा मारलं, फरक नाही. फोटो पाठवलाय." विचारणारे काका मुलाकडे पेणकरपाड्याला राहतात, शेत डहाणूकडे, शनिवारी लोकलने जाऊन सोमवारी परत. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली गोष्ट, 'बोकड्या' हे निरीक्षण नाही. पानं आकसून वाकडी झाली की त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात, आणि या एका नावाखाली निदान तीन वेगळी कारणं येतात: फुलकिडे, पिवळा कोळी, आणि पांढऱ्या माशीने पसरवलेला पर्णगुच्छ विषाणू. तिघांवरचा उपाय वेगळा. म्हणून नोंदवहीत 'बोकड्या' हा शब्द शेतकऱ्याचा म्हणून अवतरणात लिहा, निदानाच्या रकान्यात नको.

आता तिन्ही कारणांत फरक कसा पडतो ते पाहू. फुलकिडे पानाच्या पेशी खरवडून रस घेतात, त्यामुळे पानाच्या कडा वर वळतात आणि पान द्रोणासारखं होतं, पृष्ठभागावर चंदेरी-तपकिरी ओरखडे दिसतात. पिवळा कोळी शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला बसतो. त्याच्यामुळे कडा खाली वळतात, पान कौलासारखं उलटं होतं, अरुंद आणि जाडसर पडतं, देठ लांबतो आणि खालची बाजू तपकिरी, चकचकीत दिसते. विषाणूतही पान बहुधा वरच वळतं, पण सोबत शिरा जाड होतात, पान फिकट पडतं, पेरं आखूड राहून झाड झुडपासारखं खुरटतं.

म्हणजे बरंचसं उत्तर वळण्याच्या दिशेत आहे. पण ही दिशा विचारायची कशी? "पान वर वळलंय की खाली?" असं विचारलंत तर फसाल. 'वर' म्हणजे झाडाच्या वरच्या भागात असाही अर्थ घेतला जातो. त्यापेक्षा विचारा: "काका, पान झाडावर जसं आहे तसंच राहू द्या, त्यावर थेंबभर पाणी टाकलं तर साठेल की ओघळून जाईल?" साठलं तर द्रोण, ओघळलं तर कौल. यात तुम्ही उत्तर सुचवतही नाही.

आता पेणकरपाडा. काका संदेश पाठवतात तेव्हा ते झाडासमोर नसतात, इमारतीच्या चौथ्या मजल्यावर असतात. लगेच उत्तर मागितलंत तर ते आठवणीतून देतील, आणि आठवणीत 'बोकड्या' हे नाव आधीच बसलेलं असल्यामुळे उत्तरही त्या नावाला शोभेल असंच येईल. म्हणून प्रश्न दोन भागांत करा. घरून सांगता येईल ते आज विचारा: औषध कोणतं, कधी मारलं, किती झाडांवर दिसतंय, पंपातून आधी तणनाशक मारलं होतं का. पान हातात धरून बघायचं ते शनिवारसाठी लिहून द्या. तणनाशकाचा प्रश्न विसरू नका. २,४-डी चा अंश पंपात राहिला किंवा शेजारून उडून आला तरी मिरचीची पानं वाकडी, पट्टीसारखी होतात. त्यात खूण अशी की एका बाजूची झाडं जवळपास एकदमच बिघडतात, एकेक करून नाही.

दुसरा सापळा 'फरक नाही' या शब्दांत आहे. एकदा वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, कीड मेली तरी नाही. त्यामुळे औषध लागू पडलं की नाही हे जुन्या पानांवरून कळत नाही. विचारायचं ते असं: "फवारणीनंतर आठ-दहा दिवसांत जी नवी पानं आली ती कशी आहेत?" नवी पानं सरळ असतील तर औषध चाललंय, काकांनी चुकीच्या पानाकडे बघितलं.

समजा शनिवारी उत्तरं आली: पाणी ओघळतं, देठ लांबलेत, नवी पानंही तशीच. आणि घरून आधीच कळलं होतं की बांधाजवळच्या दहा-बारा झाडांपासून सुरुवात झाली, आता पसरतंय, तणनाशकाचा पंप वेगळा आहे. यावरून पिवळ्या कोळ्याकडे बऱ्यापैकी खात्रीने बोट दाखवता येतं. इमिडाक्लोप्रिडने फरक का पडला नाही तेही यात बसतं. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा आहे, आणि हे औषध रसशोषक कीटकांसाठी आहे. उलट पायरेथ्रॉइड गटातली औषधं वारंवार मारली तर कोळ्यांना खाणारे मित्रकोळी मरतात आणि कोळी वाढतो. काकांनी तिसरी फवारणीही त्याच औषधाची केली असती तर पैसे गेले असते आणि शेंडे खुंटलेलेच राहिले असते. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक किंवा स्पायरोमेसिफेनसारखं कोळीनाशक लागतं. मात्रा लेबलवरची, आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचायला हवा.

आता तो हरवलेला फोटो. पिवळा कोळी सुमारे ०.२ मिलिमीटरचा असतो. साध्या मोबाइलच्या फोटोत तो दिसला नसता, आणि लोक फोटो बहुधा पानाच्या वरच्या बाजूचाच काढतात. वळणाची दिशा दिसली असती, पण बांधापासूनची सुरुवात, औषधाचं नाव, नवी पानं, यातलं काहीच नाही. करप्याच्या ठिपक्यांसारख्या रोगात फोटो गेला तर खरंच मोठं नुकसान होतं, कारण तिथे ठिपक्याचा आकार, कडा आणि वलयं शब्दांत नीट येत नाहीत. बोकड्यात तसं नाही. "पुन्हा फोटो पाठवा" म्हणायलाही हरकत नाही, पण तो नवा पुरावा आहे. मधल्या तीन आठवड्यांत फवारण्या झाल्या, झाड वाढलं. जुन्या प्रश्नाला नवा फोटो जोडून एकच नोंद करू नका, दोन्हींच्या तारखा वेगळ्या ठेवा.

खात्री वाढवायची तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायला सांगा. फुलकिडे साधारण एक मिलिमीटरचे, बारीक काडीसारखे पळताना दिसतात. काहीच दिसलं नाही म्हणजे कोळीच, असं मात्र नाही. त्यासाठी दहापट भिंग आणि पानाची खालची बाजू हवी. आणि दोन्ही एकाच झाडावर असू शकतात, त्यामुळे तुमच्या वर्गीकरणात एका नोंदीला एकच लेबल देण्याची सक्ती असेल तर ती आधी काढा.

काकांची नोंद मी अशी ठेवेन: शेतकऱ्याचा शब्द 'बोकड्या'; फोटो उपलब्ध नाही; पान कौलासारखं, देठ लांब, नवी पानंही वाकडी, सुरुवात बांधाकडून, इमिडाक्लोप्रिड दोनदा; निदान पिवळा कोळी, संभाव्य; भिंगाने पडताळणी नाही; फुलकिडे सोबत असण्याची शक्यता खुली.