मधल्या क्रमिकेला सीमा कुठून मिळते?

कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा, एखाद्या नैसर्गिक संख्येचा साइन काढा आणि येणाऱ्या उत्तराला त्याच संख्येने भागा. संख्या १० घेतली, तर उत्तर −०.०५४४ येते. २० ला ०.०४५६ आणि २१ ला ०.०३९८. पुढे २२ ला एकदम −०.०००४ येते, म्हणजे जवळजवळ शून्यच. क्रमिका शून्यावर पोहोचली असे वाटेपर्यंत २३ वे पद −०.०३६८ निघते आणि २४ वे −०.०३७७. शून्याला टेकून ती पुन्हा लांब गेली.

२२ जवळ हे का घडले, याचे कारण जुने आणि ओळखीचे आहे. २२/७ ही π ची चांगली अंदाजी किंमत आहे. त्यामुळे २२ ही संख्या ७π च्या अगदी शेजारी येते, आणि π च्या प्रत्येक पूर्णांकी पटीला साइन शून्य असतो. पण असे योगायोग sin n / n च्या वाटेवर सतत येत राहणार. मग ही क्रमिका शून्याकडे जाते असे कशाच्या आधारावर म्हणायचे? ‘पदे शून्याच्या जवळ जवळ येत जातात’ असे म्हणता येत नाही, कारण २२ नंतर ती उघडच दूर गेली आहेत.

फ्रेंच गणिती कोशी याने १८२१ साली आपल्या पाठ्यपुस्तकात सीमेची व्याख्या शब्दांतच दिली होती. एखाद्या स्थिर किमतीपासूनचा फरक हवा तितका लहान होणे, असा तिचा आशय होता. आज शिकवले जाते ते कडक रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले आणि त्यात वायरस्ट्रासच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांचा मोठा वाटा आहे. त्या रूपात ‘जवळ येणे’ ही हालचालच उरत नाही. x_n या क्रमिकेची सीमा L आहे, म्हणजे कोणतीही धन संख्या ε दिली, मग ती कितीही लहान असो, तरी असा एक N सापडतो की

n > N असलेल्या प्रत्येक n साठी |x_n − L| < ε.

या वाक्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एखादे पद L च्या जवळ आले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. N च्या पुढचे एकूण एक पद त्या अंतराच्या आत राहिले पाहिजे. ε = 0.001 घेतला, तर आपल्या क्रमिकेचे २२ वे पद आत आहे आणि २३ वे बाहेर. म्हणजे N = 21 चालणार नाही. दुसरे असे की ε आधी दिला जातो आणि N नंतर शोधला जातो. ε बदलला की N बदलण्याची मोकळीक आपल्याला आहे. हा क्रम उलटा केला, की व्याख्येचा अर्थच मोडतो.

आता sin n / n साठी नेमका N सांगणे अवघड आहे, कारण साइनची पदे कुठे लहान आणि कुठे मोठी होतील याला सोपा नियम नाही. पण साइन कधीही −१ च्या खाली किंवा १ च्या वर जात नाही, एवढे आपल्याला पक्के माहीत आहे. त्यामुळे प्रत्येक n साठी

−1/n ≤ sin n / n ≤ 1/n.

दोन्ही बाजूंच्या क्रमिका सरळ स्वभावाच्या आहेत आणि दोघींची सीमा शून्य आहे. मधली क्रमिका त्यांच्यामध्ये अडकली आहे, तेव्हा तिचीही सीमा शून्यच. हाच स्क्वीझ थिअरम. आपल्याकडे पुष्कळजण त्याला सँडविच थिअरम म्हणतात. इटलीत त्याला दोन पोलिसांच्या नावाने ओळखतात: दोघा शिपायांच्या मध्ये चालणारा कैदी, आणि दोन्ही शिपाई एकाच चौकीत चाललेले. शिपाई दोन वेगवेगळ्या चौक्यांकडे निघाले असतील, तर कैद्याबद्दल काहीच सांगता येत नाही. (−1)^n ही क्रमिका −1 − 1/n आणि 1 + 1/n यांच्यामध्ये कायम राहते, पण बाजूच्या सीमा −१ आणि १ अशा वेगळ्या आहेत, आणि मधली १ व −१ यांमध्ये उड्या मारत राहते. तिला सीमाच नाही.

प्रमेयाचे विधान असे. प्रत्येक n साठी a_n ≤ b_n ≤ c_n आहे आणि a_n व c_n या दोघींची सीमा L आहे. तर b_n ला सीमा आहे आणि तीही L आहे.

याची सिद्धता म्हणून विद्यार्थी बहुतेक वेळा एकच ओळ लिहितात: असमानतेच्या तिन्ही भागांची सीमा घ्या, L ≤ lim b_n ≤ L मिळेल, म्हणून lim b_n = L. ओळ दिसायला देखणी आहे, पण ती सिद्धता नाही. lim b_n असे लिहिताक्षणी b_n ला सीमा आहे हे गृहीत धरले गेले. ते तर आपल्याला सिद्ध करायचे होते, आणि प्रमेयाची खरी कमाईही तीच आहे. हीच ओळ (−1)^n ला लावली, तर −1 ≤ lim (−1)^n ≤ 1 असे विधान मिळते, आणि ते अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीबद्दल बोलते. मधल्या क्रमिकेला सीमा आहे हे आधीच माहीत असेल, तर ती L आहे एवढे या ओळीने कळते. अस्तित्व मात्र तिच्यातून मिळत नाही. ते मिळवायला व्याख्येपर्यंत खाली उतरावे लागते.

तर व्याख्येपासून सुरुवात करू. कोणीतरी ε > 0 दिला आहे. तो आपण निवडलेला नाही आणि त्याच्याविषयी तो धन आहे यापलीकडे काही माहीत नाही. a_n ची सीमा L आहे, म्हणून या ε साठी असा एक N₁ आहे की n > N₁ असताना |a_n − L| < ε. तसेच c_n साठी असा एक N₂ आहे की n > N₂ असताना |c_n − L| < ε. हे दोन्ही N सारखे असतील असे मानायला काही आधार नाही. एक क्रमिका L पाशी लवकर पोहोचत असेल, दुसरी रेंगाळत असेल. आपल्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या हव्यात, म्हणून N ही N₁ आणि N₂ पैकी मोठी संख्या घेऊ. आता n > N असेल, तर n या दोहोंपेक्षाही मोठा आहे.

पुढच्या पायरीवर अनेकजण अडखळतात. |a_n − L| आणि |c_n − L| दोन्ही ε पेक्षा लहान आहेत आणि b_n मध्ये आहे, तर |b_n − L| त्या दोन अंतरांच्या मध्ये असेल, असे वाटते. तसे नसते. L = 3 आणि a_n, b_n, c_n अनुक्रमे २.९, ३ आणि ३.१ असतील, तर अंतरे ०.१, ० आणि ०.१ होतात, आणि मधले अंतर उरलेल्या दोहोंच्या मध्ये मुळीच नाही. केवल मूल्य दिशा पुसून टाकते, आणि आपली असमानता तर दिशेवरच उभी आहे. म्हणून आधी केवल मूल्य उघडायचे. |a_n − L| < ε याचा अर्थ L − ε < a_n < L + ε. यातला डावा भागच आपल्याला हवा आहे: a_n फार खाली जात नाही. c_n कडून उजवा भाग हवा: c_n < L + ε, म्हणजे ती फार वर जात नाही. उरलेले दोन अर्धे भाग सिद्धतेत कुठेच लागत नाहीत. आता साखळी जुळते:

L − ε < a_n ≤ b_n ≤ c_n < L + ε.

टोकांकडे पाहिले, की L − ε < b_n < L + ε मिळते, म्हणजेच |b_n − L| < ε. हे N च्या पुढच्या प्रत्येक n साठी खरे आहे आणि ε कोणताही होता. व्याख्येने मागितले होते ते सगळे हातात आले, आणि b_n ला सीमा आहे हे कुठेही गृहीत धरावे लागले नाही. सिद्धता संपली. a_n ≤ b_n ≤ c_n ही असमानता पहिल्या काही पदांना लागू नसली तरी बिघडत नाही. ती जिथून सुरू होते तो आकडाही ‘मोठी संख्या’ निवडताना जमेत धरला, की झाले.

या सिद्धतेने N ची हमी दिली, पण तो N सर्वांत लहान असेल असे ती म्हणत नाही. हे एका उदाहरणात पाहू. x_n ही 2^n + 3^n चे n वे मूळ असू द्या. पहिले पद ५, दुसरे सुमारे ३.६१, तिसरे ३.२७, दहावे ३.००५. सीमा ३ असावी असे दिसते. 2^n + 3^n ही संख्या 3^n पेक्षा मोठी आणि 2·3^n पेक्षा लहान आहे. n वे मूळ घेतले, की

3 < x_n < 3·2^(1/n).

डावी बाजू स्थिरच आहे. उजवीकडची सीमा ३ आहे हे बर्नुलीच्या असमानतेने कळते: ε कोणताही असो, n ≥ 2 असताना (1 + ε/3)^n > 1 + nε/3, आणि n ≥ 3/ε असेल तर उजवी बाजू किमान २ होते. म्हणजे 2^(1/n) < 1 + ε/3, आणि वरची मर्यादा 3 + ε च्या आत. ε = 0.01 घेतला, तर ३०० व्या पदापासून पुढे सगळी पदे ३.०१ च्या आत असल्याची हमी मिळाली.

हमी खरी आहे, पण ढिली आहे. प्रत्यक्षात आठवे पद ३.०१४ आणि नववे ३.००८६ आहे, आणि तिथून पुढे पदे घटतच जातात. म्हणजे नवव्या पदापासूनच काम झालेले असते. दोष प्रमेयाचा नाही. 2^n च्या जागी सरसकट 3^n धरला, तेव्हा वरची क्रमिका फार सैल बसली. 3^n बाहेर काढून x_n = 3(1 + (2/3)^n)^(1/n) असे लिहिले आणि बर्नुलीची असमानता पुन्हा वापरली, तर

3 < x_n < 3 + (3/n)(2/3)^n, n ≥ 2.

आता n = 9 ला उजवी बाजू ३.००८७ येते आणि n = 8 ला ३.०१४६. नव्या मर्यादेतून मिळणारा आकडाही ९ च आहे. प्रमेय तेच, ε तोच, फक्त वरची क्रमिका घट्ट निवडली आणि ३०० चे ९ झाले.