स्वराविना अक्षर: परीक्षकांना दिलेले उत्तर

मोरोक्कोच्या नैर्ऋत्येकडील ताशलहित भाषेत ‘त्फ्त्क्त्स्त्त’ असा, एकही स्वर नसलेला शब्द आहे. अशा शब्दांत व्यंजनच अक्षराचा गाभा होते, असे देल आणि एलमेदलावी यांनी 1985 मध्ये मांडले आणि वाद सुरू झाला. पीएच.डी.चा विद्यार्थी हीच बाजू घेतो, तेव्हा परीक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो: व्यंजनांमध्ये पुसट स्वर ऐकू येतो, मग गाभा तोच का नाही?

उत्तरपत्रात आक्षेप आधी शब्दशः उतरवतात. पुसट स्वर ऐकू येतो, हे विद्यार्थ्याने मान्यच करावे. नाकारले तर परीक्षक ध्वनिमुद्रण पुढे करतील. पण तो स्वर सघोष व्यंजनांच्या शेजारी उमटतो. वरच्या शब्दातली सगळी व्यंजने अघोष आहेत. असे शब्द उच्चारताना स्वरतंत्री कंप पावत नाहीत, असे रिदुआन यांच्या प्रयोगांत दिसले आहे.

इथेच थांबणारे उत्तर मात्र लंगडे ठरते. स्वर नाही एवढ्याने व्यंजन गाभा आहे हे सिद्ध होत नाही. ती व्यंजने अक्षराबाहेर लोंबकळतही असतील. म्हणून दुसरा पुरावा गेय काव्याच्या छंदाचा. आपल्याकडे वृत्तात लघु-गुरू मोजतात, तशीच मोजणी तिथेही होते आणि तीत स्वरहीन अक्षरेही धरली जातात. गाण्यातली मोजणी रोजच्या बोलण्याला लागू पडतेच असे नाही, तेव्हा प्रबंधातला दावा तेवढा आवरता घेऊन बदललेल्या ओळींचा क्रमांक पत्रात द्यावा लागतो.