नवा माल, मर्यादित सवलत : हातमागाची जाहिरात वाचताना

दरवर्षी ७ ऑगस्ट जवळ आला की हातमागाच्या छोट्या दुकानांचे निरोप येऊ लागतात : ‘नव्या महेश्वरी साड्या आल्या, १५ टक्के सवलत, साठा मर्यादित.’ १९०५ साली याच दिवशी कलकत्त्यात स्वदेशी चळवळ सुरू झाली. म्हणून २०१५ पासून हा राष्ट्रीय हातमाग दिन मानला जातो. आता या निरोपातल्या शब्दांचा अर्थ पाहू.

‘साठा मर्यादित’ हे शब्द कोणीही वापरतो, पण हातमागाच्या बाबतीत ते बहुधा खरे असतात. मागावर चढवलेल्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि एका ताण्यातून मोजक्याच साड्या निघतात. महेश्वरीत अनेकदा ताणा रेशमी आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, सुती असतो. ताणा हिरवा ठेवून बाणा कधी निळा, कधी पिवळा घेतला की एकाच ताण्यावर वेगवेगळ्या छटांच्या साड्या तयार होतात. ताणा संपला की ती छटाही संपते. पुढच्या खेपेला सूत नव्याने रंगवावं लागतं आणि रंग तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यामुळे ‘अगदी अशीच आणखी एक द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार नाही म्हणतो, ते टाळायचं म्हणून नव्हे.

सवलतीचा हिशेब मात्र तपासावा. समजा, दुकानदाराने विणकराकडून साडी ३,००० रुपयांना घेतली आणि ४,२०० रुपये किंमत लावली. १५ टक्के सूट दिली तर ती ३,५७० रुपयांना जाते. हाती राहिलेल्या ५७० रुपयांत भाडं आणि पगार भागवायचे. ५० टक्के दिली तर साडी २,१०० रुपयांना जाते, म्हणजे खरेदीपेक्षा ९०० रुपये कमी. जुना, डागी माल काढायचा असेल तर हे समजण्यासारखं आहे. पण नव्या मालावर निम्मी सूट असेल, तर एक तर मूळ किंमत फुगवलेली असते, नाहीतर विणकराची मजुरी कापलेली असते, नाहीतर कापड यंत्रमागाचं असतं.

कापड पाहताना २००६ पासून चालू असलेलं ‘हँडलूम मार्क’चं लेबल शोधावं, पण ते नसलं म्हणजे माल खोटाच असं नाही. काठाच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर बारीक भोकं दिसतात का, हेही बघावं. विणताना कापड ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची ती खूण असते. यंत्रमागावरही अशा खुणा उमटू शकतात, म्हणून एकट्या भोकांवर विसंबू नये.

पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : साडी कुठे विणली, ताणा-बाणा कशाचा आहे आणि सूट मूळ कोणत्या किमतीवर आहे. उत्तरं बिलावर लिहून घ्या. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडून सवलतीतही घेऊ नका.