फायरवॉल अडवते तेव्हा नेटवर्क विभागाला विचारायचे प्रश्न

कार्यालयाच्या वाय-फायवर व्हिडिओ बैठक अडते, तेव्हा बहुधा ती पूर्ण बंद पडत नाही. खामगावातील एखाद्या महाविद्यालयाचे कार्यालय समजा. लॅपटॉपवर झूमची बैठक उघडते, हजर असलेल्यांची नावे दिसतात, लिहिलेला संदेशही पोहोचतो; पण चेहरे दिसत नाहीत आणि आवाज येत नाही. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नीट चालला आणि वाय-फायवरचा दुसरा लॅपटॉपही तसाच अडला, तर दोष यंत्रात नसून नेटवर्कमध्ये आहे असे धरता येते.

नावे आणि संदेश टीसीपी ४४३ या पोर्टवरून जातात. सुरक्षित संकेतस्थळेही हाच पोर्ट वापरतात, म्हणून तो खुला असतो. आवाज आणि चित्र मात्र शक्यतो यूडीपीने जातात. झूमसाठी यूडीपी ८८०१ ते ८८१० आणि टीम्ससाठी ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट लागतात. म्हणून पहिला प्रश्न असा: या पोर्टवर आतून बाहेर जाणारे यूडीपी चालू आहे का? यूडीपी बंद असेल तर ॲप टीसीपीचा आधार घेऊ पाहते. टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा मागवते आणि तो येईपर्यंत पुढचे थांबते. त्यामुळे बैठक चालली तरी चित्र गोठते, आवाज तुटतो.

दुसरा प्रश्न तपासणीचा. काही फायरवॉल कूटबद्ध वाहतूक उलगडून पाहतात किंवा बैठकांची ॲप्स प्रकारानुसार अडवतात. तसे असेल तर पोर्ट खुला असूनही बैठक अडते. त्या सेवेचे पत्ते तपासणीतून वगळले आहेत का, हे विचारावे. तिसरा प्रश्न वाय-फायचा: कर्मचाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे जाळे वेगळे आहे का, आणि नियम नेमका कोणत्या जाळ्याला लागू आहे?

चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी: फायरवॉलच्या नोंदीत त्या वेळी काय अडले? त्यासाठी लॅपटॉपचा आयपी पत्ता, बैठकीची सेवा आणि मिनिटापर्यंतची वेळ द्यावी. अडवणारा नियम नोंदीत नावानिशी सापडू शकतो. मागणीही मोजकी असावी: सेवेने जाहीर केलेल्या पत्त्यांकडे, ठरलेल्या पोर्टवर, फक्त बाहेर जाणारी वाट. उत्तरे त्याच जोडणीतून परततात. बाहेरून आत येणारी वेगळी वाट उघडावी लागत नाही.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा. बुलढाण्यात मोताळा किंवा लोणारसारख्या तालुक्याचे शासकीय कार्यालय एमस्वान या राज्यव्यापी जाळ्यावर असेल, तर नियम स्थानिक पातळीवर बदलता येईलच असे नाही. अशा वेळी तोच तपशील वरच्या नेटवर्क केंद्राकडे लेखी पाठवावा लागतो.

बदल झाल्यावर पुन्हा बैठक घेऊन नोंद पाहावी. ठरलेल्या पोर्टवरची यूडीपी वाहतूक परवानगीसह दिसली आणि चित्र सलग चालले, तर दुरुस्ती झाली.